एक चनिया, दहा रात्री

गणपती गावाला गेले की मुंबईत बोरिवली, कांदिवली, घाटकोपर, मुलुंड या भागांत भाड्याने कपडे देणाऱ्या दुकानदारांची स्टेटसं भरू लागतात. आरशांनी लखलखणारी चनियाचोळी, शेजारी पुरुषांचं केडियू आणि खाली एकच ओळ : ‘भाड्याने मिळेल, भावासाठी मेसेज करा.’ या ओळीने गिऱ्हाईक कमी येतं आणि दुकानदाराचं बोट जास्त दुखतं. दिवसभर तेच तीन प्रश्न येत राहतात. भाडं किती? मला बसेल का? शनिवारी आहे का?

यातला तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड, कारण भाड्याच्या दुकानात खरा माल म्हणजे रात्र. २०२५ चंच उदाहरण घ्या. त्या वर्षी एक तिथी वाढल्यामुळे नवरात्र दहा रात्रींचं आलं, सोमवार २२ सप्टेंबर ते बुधवार १ ऑक्टोबर. दुकानदाराला वाटेल, वा, एक रात्र जास्तीची! पण शुक्रवारी रात्री नेलेली चनियाचोळी शनिवारी दुपारी परत येते तेव्हा चोळी घामाने ओली असते, गळ्याला पावडर लागलेली असते, मैदानात पाऊस झालेला असेल तर घेराच्या काठाला चिखल असतो. आरसेकाम आणि लोकरीचे गोंडे असलेला कपडा मशीनमध्ये टाकता येत नाही. हाताने पुसायचा, काठ धुवायचा, वाऱ्यावर वाळवायचा, सुटलेली लेस टाचायची. हे सगळं उरकून संध्याकाळी सहाला तोच कपडा दुसऱ्या मुलीच्या हातात देणारे दुकानदार आहेत. चोळीच्या काखेला नाक लावलं की ते लगेच कळतं.

म्हणून जाणता दुकानदार मधली एक रात्र मोकळी सोडतो. मग एका चनियाला दहा रात्रींत फार तर पाच बुकिंगं मिळतात. २२ तारखेपासून एकाआड एक मोजत गेलं तर शुक्रवार २६, रविवार २८ आणि अष्टमीची ३० हाती लागते. एक दिवस पुढून मोजलं तर शनिवार २७ आणि नवमीची १ ऑक्टोबर. मागणी शनिवार-रविवारची आणि शेवटच्या रात्रींची, कारण तेव्हा लाउडस्पीकरला बारापर्यंत परवानगी मिळण्याची शक्यता असते. सोमवार ते गुरुवार बऱ्याच चनिया खुंटीलाच. तेव्हा माल दोन गटांत वाटायचा आणि प्रत्येक फोटोवर त्याच्याच तारखा लिहायच्या : ‘२६, २८, ३० मोकळी.’

समजा, एक चनिया ४,५०० रुपयांत तयार झाली आणि भाडं ८०० ठेवलं. तीन चांगल्या रात्री गेली तर २,४०० रुपये आले. म्हणजे धुलाई-दुरुस्ती धरून दोन हंगामांत जेमतेम पैसे वसूल. एक शनिवार नुसत्या ‘सांगते हं’वर अडकून राहिला, तर त्या वर्षीच्या कमाईचा तिसरा हिस्सा गेला. पोस्टमध्ये ‘आगाऊ पैसे आल्यावरच तारीख पक्की’ हे वाक्य लागतं ते याचसाठी.

मापाचंही तसंच. ‘फ्री साइज’ लिहिणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. चनियाची कंबर नाडीवर सैल-घट्ट होते, उंची मात्र होत नाही. बुटक्या मुलीने लांब चनिया नेली की पहिल्याच फेरीत काठ पायाखाली येतो. म्हणून उंची इंचांत हवी. चोळीची छाती किती आणि आत शिलाई किती सोडली आहे तेही हवं, म्हणजे ‘३४, उसवून ३८ पर्यंत’. घेर मीटरमध्ये सांगावा. जास्त घेर फोटोत देखणा दिसतो. तीन तास कमरेवर पेलताना त्याचं वजन कळतं, हे कुठलीच पोस्ट सांगत नाही.

फोटोला फ्लॅश नको. आरशांवर पांढरे ठिपके उठतात आणि मधलं भरतकाम दिसेनासं होतं. सकाळी सावलीत, दाराशी काढलेला फोटो चांगला. पिवळ्या दिव्याखाली राणी रंग लाल दिसतो, आणि नऊ रंगांच्या यादीप्रमाणे कपडे ठरवणाऱ्या मैत्रिणींच्या घोळक्यात तेवढ्यावरून बुकिंग रद्द होतं.

डिपॉझिटच्या वादावरही फोटोच कामी येतो. कपडा देताना पुढून-मागून आणि काठाचा जवळून फोटो काढून गिऱ्हाइकालाच पाठवला, की ‘ताई, हे आरसे आधीच नव्हते’ हे दोघांनाही तपासता येतं. दोन-चार आरसे पडणारच, ते भाड्यातच धरावेत. फाटणं, जळणं, ओढणी हरवणं यांचे पैसे वेगळे, आणि ती रक्कम पोस्टमध्येच लिहिलेली बरी.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पुढे जातो, खालचा मजकूर मागेच राहतो. मग गेल्या वर्षीची चनिया जुन्या भाड्यात मागणारे फोन सुरू होतात. त्यामुळे चनियाचा नंबर, भाडं आणि वर्ष फोटोवरच एका कोपऱ्यात टाकावं. तारीख गेली की त्याच फोटोवर काट मारून तो पुन्हा चढवायचा. काट मारलेला शनिवार पाहिला की गुरुवारचा विचार करणारी गिऱ्हाइकंही निघतात.