आधी ढीग, मग क्रम

३०० विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका टेबलावर सरमिसळ पडल्या आहेत आणि त्या रोल नंबरप्रमाणे लावायच्या आहेत. एकेक पेपर उचलायचा, आधी लावलेल्या गठ्ठ्यातले नंबर ओळीने पाहत त्याची जागा शोधायची आणि तिथे तो खोचायचा, ही नेहमीची पद्धत. पहिले वीस-पंचवीस पेपर भराभर लागतात. पुढे मात्र गठ्ठा जाड होत जातो, तशी प्रत्येक पेपराची जागा शोधायला जास्त वेळ लागतो. ३०० पेपरांसाठी दोन नंबरांची तुलना सरासरी सुमारे २२,७०० वेळा करावी लागते.

अनुभवी शिक्षक असं करत नाहीत. ते आधी ढीग पाडतात: १ ते १०, ११ ते २०, असे तीस. १४७ नंबरचा पेपर हाती आला की तो १४१ ते १५० च्या ढिगावर जातो. त्यासाठी दुसऱ्या कोणत्याही पेपराकडे पाहावं लागत नाही. मग प्रत्येक ढीग वेगळा लावायचा. दहा पेपरांना साधारण ३० तुलना लागतात, म्हणजे तीस ढिगांना ९००. शेवटी ढीग ओळीने एकमेकांवर ठेवले की काम झालं. संगणकशास्त्रात याला ‘बकेट सॉर्ट’ म्हणतात. संगणक ढीग शोधतो तो साध्या भागाकाराने: नंबरातून एक वजा करायचा, दहाने भागायचं आणि अपूर्णांक सोडून द्यायचा. १४७ साठी उत्तर १४ येतं. मोजणी शून्यापासून असल्यामुळे हा पंधरावा ढीग.

पेपर ६०० झाले आणि ढीगही ६० केले, तर तुलना १,८०० होतात, फक्त दुप्पट. पहिल्या पद्धतीत त्या चौपट होऊन नव्वद हजारांवर जातात. पण ही बचत ढीग लहान राहण्यावर अवलंबून आहे. रोल नंबर सलग असतात आणि प्रत्येक एकदाच येतो, म्हणून दहाच्या ढिगात अकरावा पेपर येऊच शकत नाही.

आता समजा, दोन केंद्रांचे पेपर एकत्र आले. एकाचे नंबर १००१ ते ११५०, दुसऱ्याचे ९००१ ते ९१५०. पेपर ३००च आहेत, पण १००१ ते ९१५० या पट्ट्याचे तीस समान भाग केले, तर एकेका भागात सुमारे २७२ नंबर बसतात. मग १५० पेपर पहिल्या ढिगात, १५० शेवटच्या ढिगात आणि मधल्या अठ्ठावीस जागा रिकाम्या! तुलना साडेअकरा हजारांवर जातात. उत्तर चुकत नाही, फक्त वेळ वाया जातो, त्यामुळे हा दोष सहज लक्षात येत नाही. तो ओळखायचा तर सगळ्यात जाड ढीग मोजावा. सरासरीपेक्षा तो कितीतरी मोठा निघाला, तर विभागणी चुकली. इथे उपाय सोपा आहे: दोन्ही मालिका आधी वेगळ्या करून प्रत्येकीचे दहा-दहाचे ढीग पाडायचे, की तुलना पुन्हा नऊशेवर येतात.

तेच पेपर गुणांप्रमाणे लावायचे असतील, तर मात्र समान पट्टे पाडण्याआधी गुण कुठे दाटले आहेत ते पाहा. चाळीस ते साठच्या दरम्यान गर्दी असेल, तर तिथले पट्टे अरुंद करा.