धोका दुरून की जवळून : एका उत्तराचा दिवस

पहाटे ५.३०, मुलुंड

आज रविवार. घाटकोपरच्या वर्गात मुलांकडून दीर्घ उत्तर लिहून घ्यायचं आहे, म्हणून चहा ठेवून आधी फळ्यावरचा प्रश्न पक्का करते. संघ लोकसेवा आयोगाच्या राज्यशास्त्र या वैकल्पिक विषयात गांधी आणि आंबेडकर दोघेही अभ्यासक्रमाला आहेत. ‘दोघांच्या विचारांची तुलना करा’ एवढंच लिहून दिलं, तर मुलं दोन चरित्रं लिहून आणतात. म्हणून प्रश्न अरुंद करते : ‘स्वराज्याचा पाया गाव असावं का? गांधी आणि आंबेडकर यांच्या भूमिकांची तुलना करून आपलं मत मांडा.’

वेळ दीड तास, शब्द हजारच्या आसपास. आयोगाच्या निबंधाच्या पेपरात तीन तासांत दोन निबंध लिहायचे असतात, तेच माप मी वर्गात ठेवलंय.

सकाळी ७.१०, धीमी लोकल

रविवारी या वेळेला खिडकी मिळते. भांडुप येईपर्यंत मागच्या आठवड्यातली एक वही तपासून होते. पाच पानांपैकी पहिली अडीच गांधींवर, उरलेली आंबेडकरांवर. शेवटी चार ओळी : दोघेही थोर, दोघांचा समन्वय हवा. माहिती जवळपास सगळी बरोबर आहे, पण तुलना एकदाही झालेली नाही. गांधींची पानं फाडली तरी आंबेडकरांच्या पानांना काही फरक पडणार नाही. मी समासात लिहिते, ‘पहिला भाग काढला तर दुसऱ्यातलं काय अडेल?’

सकाळी ८.००, घाटकोपर पूर्व

फळ्यावर प्रश्न लिहिला की मुलं लगेच पेन उचलतात. पहिली पंधरा मिनिटं उत्तराला हात लावायचा नाही, हा इथला नियम आहे. मागच्या कोऱ्या पानावर एक तक्ता आखायचा. वर दोन रकाने, गांधी आणि आंबेडकर. डाव्या बाजूला तीन प्रश्न, असे की दोघांनाही विचारता येतील आणि दोघांनीही त्यांचं उत्तर दिलेलं आहे. आज ठरलेले प्रश्न : माणसाच्या स्वातंत्र्याला धोका कुठून? त्यावर उपाय कोणाच्या हातात? आणि जातीचं काय?

तक्ता भरायचा उभा, एकेका विचारवंताचं आठवेल तसं. उत्तर मात्र लिहायचं आडवं, एकेका ओळीवर एक भाग. एका भागात दोघेही समोरासमोर आले की तुलना आपोआप घडते.

प्रत्येक चौकटीत एक पुरावा हवा, सालासह. गांधींच्या बाजूला १९०९चं ‘हिंद स्वराज्य’ आणि २६ जुलै १९४२च्या ‘हरिजन’मधला ग्रामस्वराज्यावरचा लेख. आंबेडकरांच्या बाजूला १९३६चं ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ आणि ४ नोव्हेंबर १९४८ला मसुदा मांडताना संविधान सभेत केलेलं भाषण. चौकट रिकामी राहिली तर तो प्रश्न सोडून दुसरा घ्यायचा, कारण पुराव्याशिवाय लिहिलेली ओळ परीक्षकाला मत म्हणूनच दिसते.

सकाळी ८.१५ ते ९.४५

खोलीत फक्त पंख्याचा आवाज आहे. मीही मुलांबरोबर लिहायला बसते. पंधरा मिनिटं तक्त्याला गेली, पासष्ट मिनिटं लिहायला, शेवटची दहा वाचायला.

सगळ्यात जास्त अडते ती भूमिकेची ओळ, म्हणजे उत्तरभर जे सिद्ध करायचं ते वाक्य. ‘गांधींना गाव प्रिय होतं, आंबेडकरांना नव्हतं’ हे वाक्य त्या कामाचं नाही, कारण त्यावर वादच होत नाही. तक्त्याची पहिली ओळ पुन्हा वाचते आणि लिहिते :

‘गांधी आणि आंबेडकर दोघेही व्यक्तीला दडपणाऱ्या सत्तेच्या विरोधात उभे आहेत. गांधींना तो धोका दूरच्या सत्तेत दिसतो, राज्ययंत्रणेत आणि यंत्रसंस्कृतीत. आंबेडकरांना तो जवळच्या सत्तेत दिसतो, शेजाऱ्यांत आणि गावकीत. म्हणून एकाचा उपाय सत्ता गावाजवळ आणतो, तर दुसऱ्याचा उपाय गावाच्या वर कायदा उभा करतो. या निबंधात मी असं म्हणते की गाव स्वराज्याचा पाया होऊ शकतं, पण आंबेडकरांची अट आधी पाळली तरच.’

हे पाच वाक्यांत बसलं, की पुढचे परिच्छेद कशासाठी आहेत ते कळतं. पहिल्या वाक्यात दोघांतलं साम्य आहे, आणि साम्य आधी दाखवल्यामुळेच पुढचा भेद नेमका होतो.

सकाळी १०.१५, चर्चा

आता वह्या अदलाबदल. प्रत्येकाने शेजाऱ्याच्या उत्तरातली फक्त परिच्छेदांची पहिली वाक्यं मोठ्याने वाचायची. सलग वाचून युक्तिवाद कळला तर बांधणी जमली. बोरिवलीहून येणाऱ्या मुलाच्या वहीतली चार वाक्यं अशी निघाली : गांधींचा जन्म, गांधींचं गावाविषयी मत, आंबेडकरांचं शिक्षण, आंबेडकरांचं गावाविषयी मत. ती ऐकून तो स्वतःच म्हणाला, ‘मॅडम, यात प्रश्नच कुठे नाही.’

मग त्याचाच एक परिच्छेद फळ्यावर घेतला. त्याने लिहिलं होतं की आंबेडकरांनी गावावर कडक टीका केली, कारण त्यांना गावात अस्पृश्यतेचे चटके बसले होते. मी विचारलं, ‘याने काय सिद्ध होतं?’ तो थांबला. अनुभव खरा आहे, पण इथे तो कारण म्हणून आला की सिद्धांताचं वैयक्तिक दुःख होऊन जातं. आंबेडकरांचा मुद्दा गावाच्या रचनेबद्दल होता, आणि त्याचा पुरावा आपल्याच इलाख्यात आहे. महार वतनात गावकामाची सक्ती वंशपरंपरेने घराण्याला चिकटलेली होती. १८७४च्या वतन कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून त्यांनी १९२८मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं. हे घेऊन परिच्छेद आम्ही पुन्हा बांधला :

‘आंबेडकरांच्या मते गावातली जवळीकच दडपणाचं साधन होते. महार वतनात काम गावाचं होतं, पण ते नाकारण्याची मोकळीक घराण्याला नव्हती. त्यासाठी १९२८मध्ये त्यांना कायद्याची दुरुस्ती मागावी लागली. गावाच्या आत ज्याची दाद लागत नाही, त्याला गावाबाहेरची सत्ता लागते. गांधींच्या योजनेत नेमकी हीच जागा मोकळी राहते, कारण त्यांच्या गावात पंचायतच कायदा करणार, न्याय देणार आणि अंमल करणार.’

पहिल्या वाक्यात दावा, दुसऱ्या-तिसऱ्यात पुरावा, चौथ्यात पुराव्याचा अर्थ आणि पाचव्यात दुसऱ्या विचारवंताकडे जाणारा दुवा. मुलं चौथं वाक्य नेहमी गाळतात, कारण पुरावा दिला की अर्थ परीक्षकाला कळलाच असेल असं त्यांना वाटतं. गुण मात्र तिथेच जातात.

दुपारी १२.४५, डबा

पोळी-भाजी खाताना मुलुंडची एक मुलगी वही घेऊन आली. ‘मॅडम, गांधींच्या १९४२च्या गावात तर आजच्यासारख्या जाती आणि अस्पृश्यता नसणारच. मग आंबेडकरांची टीका त्यांना लागू कशी होते?’

इतका चांगला प्रश्न आज दुसरा आला नाही. मी तिला सांगितलं, हाच तुझा प्रतिवादाचा परिच्छेद आहे, तो लपवू नकोस. दोघे दोन वेगळ्या गावांबद्दल बोलत आहेत, गांधी व्हायला हव्या त्या गावाबद्दल आणि आंबेडकर असलेल्या गावाबद्दल, हा आक्षेप पूर्ण ताकदीने मांडायचा. मग उत्तर द्यायचं : असलेल्या गावातून हव्या त्या गावात नेणार कोण? गांधींकडे याचं उत्तर हृदयपरिवर्तन आणि कार्यकर्ता. ते स्वतः १९३६मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला गेले. आंबेडकरांकडे उत्तर आहे हक्क आणि तो बजावणारी संस्था. वाद इथे खरा सुरू होतो, आणि निबंधाचा सर्वांत वजनदार परिच्छेद हाच असायला हवा.

दुपारी ३.३०, अंधेरी

मेट्रोने अंधेरीला आले. इथे एकच विद्यार्थिनी आहे, नोकरी सांभाळून अभ्यास करणारी. तिची अडचण उलटी आहे. तिचा निबंध एकाच बाजूचा वकील होतो. आंबेडकर तिला पटतात, म्हणून तिच्या वहीत गांधी भोळे दिसतात.

मी तिला दोन कामं दिली. पहिलं, गांधींची बाजू एका परिच्छेदात अशी लिही की गांधींच्या माणसालाही ती आपली वाटावी. दुसरं, आंबेडकरांच्या बाजूची एक गुंतागुंत शोध. ती तिला सापडली. ४ नोव्हेंबर १९४८ला गावावर इतकी कठोर टीका करणाऱ्या आंबेडकरांनी त्याच महिन्यात, २२ तारखेला, के. संथानम यांची ग्रामपंचायतींविषयीची दुरुस्ती स्वीकारली. आज ती संविधानाचं ४०वं कलम आहे.

‘मग त्यांनी मत बदललं का?’ तिने विचारलं. तसं म्हणायला पुरावा पुरत नाही. कलम मार्गदर्शक तत्त्वांत गेलं. घटनेचं एकक व्यक्तीच राहिलं. म्हणून सावध वाक्य असं : पंचायत प्रशासनाचं साधन म्हणून त्यांनी स्वीकारली, राज्याचा पाया म्हणून नाही. पुरावा जेवढं सांगतो तेवढंच लिहायचं, हे तिने समासात टिपून घेतलं.

रात्री ९.१५, मुलुंड

जेवणं आटोपली. सकाळी मुलांबरोबर लिहिलेल्या माझ्या उत्तराचा शेवट अजून बसलेला नाही. ‘दोघांचा समन्वय हवा’ हे वाक्य मुलांना मनाई आहे, मग ते मीही लिहू नये. निष्कर्षात नवा पुरावा आणायचा नाही असं सांगतात. पण पुरावा भूमिकेची कसोटी घेत असेल, तर एक चालतो.

१९९२ची ७३वी घटनादुरुस्ती मी तिथे ठेवते. तिने पंचायतींना घटनेत जागा दिली, आणि त्याच दुरुस्तीतल्या २४३-ड कलमाने अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि महिलांना किमान एकतृतीयांश जागा राखून ठेवल्या. सत्ता गावात आली, पण ती कोणाला नाकारता येणार नाही हे गावाबाहेरच्या कायद्याने ठरवलं. सकाळी लिहिलेली ‘अट’ म्हणजे नेमकं काय, ते आता दिसतं.

तरी एक मर्यादा लिहावी लागते. राखीव जागेवर निवडून आलेल्या सरपंचाला खुर्चीवर बसू दिलं नाही, अशा घटना घडत आल्या आहेत. कायद्याने खुर्ची दिली, तरी शेजाऱ्याचं मन बदलायचं काम उरतंच, आणि ते काम गांधींनी ओळखलं होतं. शेवटचं वाक्य मी असं ठेवते : ‘म्हणून आंबेडकरांची अट आधी, आणि ती पाळल्यावर उरणारं काम गांधींचं.’

हे वाक्य समन्वयाचं नाही, त्यात क्रम आहे. कोणाचं आधी आणि का, ते सांगता आलं. उद्या सकाळी वह्या परत करताना प्रत्येक निष्कर्षाखाली मी एवढाच प्रश्न लिहिणार आहे : ‘आधी कोण?’