सहसंबंध आणि कार्यकारणभाव

सहसंबंध म्हणजे दोन चलांच्या मूल्यांमध्ये आढळणारी एकत्र बदलण्याची प्रवृत्ती होय. एक चल वाढत असता दुसरेही वाढत असल्यास सहसंबंध धन, तर दुसरे घटत असल्यास ऋण असतो. त्याचे माप, म्हणजे सहसंबंध गुणांक, −१ ते +१ या मर्यादेत असते. दोन चले किती नेमाने एकत्र बदलतात एवढेच हा गुणांक सांगतो. एकामुळे दुसरे घडते की नाही, हे त्यावरून ठरत नाही.

तिसऱ्या घटकाचा प्रभाव

जळगाव आणि धुळे या कापूस उत्पादक जिल्ह्यांत काही शेती विहिरीच्या पाण्यावर, तर काही केवळ पावसावर होते. समजा, एका तालुक्यात बागायती कापूस एकरी १० क्विंटल आणि कोरडवाहू कापूस ५ क्विंटल येतो. महाग बियाणे घेणाऱ्या ५० शेतकऱ्यांपैकी ४० बागायतदार आहेत, तर साधे बियाणे घेणाऱ्या ५० पैकी केवळ १०. प्रत्येकाची कापसाखालील जमीन सारखी धरल्यास पहिल्या गटाची सरासरी ९ आणि दुसऱ्याची ६ क्विंटल येते. या काल्पनिक उदाहरणात बियाण्याने उत्पादनात काहीच फरक पडलेला नाही. फरक पाण्याचा आहे. बागायतदारांची तुलना बागायतदारांशी आणि कोरडवाहूंची कोरडवाहूंशी केली, की तो सहसंबंध नाहीसा होतो. अशा तिसऱ्या घटकास संभ्रमकारी घटक म्हणतात.

बीटी कापूस आणि उत्पादकता

भारतात बीटी कापसाच्या लागवडीस २००२ मध्ये परवानगी मिळाली. त्या हंगामात देशातील रुईची उत्पादकता हेक्टरी सुमारे ३०० किलो होती. २००७-०८ मध्ये ती सुमारे ५५० किलोपर्यंत पोहोचली. दोन्ही वाढी एकाच काळातील असल्याने त्यांचा सहसंबंध ठळक दिसतो. परंतु २००२ हे दुष्काळी वर्ष होते, त्यामुळे तुलनेचा आरंभबिंदूच खालचा होता. शिवाय २००४-०५ पर्यंत उत्पादकता सुमारे ४७० किलो झाली, तेव्हा मान्यताप्राप्त बीटी वाणांचे क्षेत्र दहा टक्क्यांहून कमी होते. अनधिकृत बीटी बियाणे मात्र या आकड्यात येत नाही. पुढे बीटीचे क्षेत्र नव्वद टक्क्यांच्या वर गेले, तरी उत्पादकता त्या प्रमाणात वाढली नाही. केशव क्रांती आणि ग्लेन स्टोन यांनी २०२० मध्ये केलेल्या विश्लेषणात या वाढीमागे खते, सिंचन आणि नवी कीटकनाशके यांचा मोठा वाटा असल्याचे म्हटले आहे. यावरून बीटीचा परिणाम शून्य होता असे सिद्ध होत नाही. संपूर्ण वाढ एकट्या बीटीमुळे झाली, हा निष्कर्ष मात्र टिकत नाही.

कारणाची पडताळणी

एकाच शेताचे लहान वाफे पाडून कोणत्या वाफ्यात कोणते बियाणे पेरायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवल्यास पाणी, माती आणि शेतकऱ्याचे कौशल्य यांचा बियाण्याच्या निवडीशी संबंध उरत नाही. रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे १९२० च्या दशकात ही यादृच्छिक वाटपाची पद्धत विकसित केली. असे अनेक वाफे घेऊनही फरक टिकला, तर तो बियाण्यामुळे आहे असे म्हणण्यास आधार मिळतो. तो निष्कर्ष मात्र त्या हंगामापुरता आणि तशा जमिनीपुरता मर्यादित असतो.