सम संख्यांची बेरीज आणि खड्यांचा आयत

सम संख्या क्रमाने मिळवीत गेल्यास एक विशेष गोष्ट नजरेस येते. पहिली सम संख्या २. ती एकटीच घेतली तर बेरीज २, म्हणजे १ × २. तीत ४ मिळविले की ६ होतात, म्हणजे २ × ३. पुढे ६ मिळविल्यास १२, म्हणजे ३ × ४; आणि त्यांत ८ मिळविल्यास २०, म्हणजे ४ × ५. जितक्या संख्या घेतल्या असतील, त्या गणतीला तिच्या लगतच्या पुढील संख्येने गुणले की बेरीज हाती येते. घेतलेल्या संख्यांची गणती ‘न’ मानली, तर बेरीज न × (न + १) असावी असे यावरून वाटते.

परंतु वाटणे निराळे आणि सिद्ध होणे निराळे. याचा दाखला सम संख्यांच्याच बेरजेत मिळतो. ४१ ही संख्या घेऊन तीत क्रमाने २, ४, ६, ८ मिळवीत गेल्यास ४३, ४७, ५३, ६१ अशा संख्या येतात. या सर्व मूळ संख्या आहेत. म्हणजे १ व ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही संख्येने त्यांना पूर्ण भाग जात नाही. ऑयलर या गणितज्ञाने १७७२ मध्ये ही संख्यामाला निदर्शनास आणली. ४१ धरून तिच्या पहिल्या चाळीसही संख्या मूळ आहेत. चाळिसावी संख्या १६०१. तीत ८० मिळविले की १६८१ होतात, आणि १६८१ म्हणजे ४१ × ४१! चाळीस वेळा खरा ठरलेला नियम एकेचाळिसाव्या वेळी मोडला. तेव्हा न × (न + १) हा नियम असा कोठे तरी मोडणार नाही कशावरून, हा प्रश्न उरतोच.

त्याचे उत्तर खडे मांडून मिळते. प्राचीन ग्रीसमधील पायथागोरसचे अनुयायी संख्यांचा विचार अशाच रीतीने करीत. प्रथम दोन खडे शेजारी शेजारी ठेवावेत. हा एक ओळ आणि दोन स्तंभ यांचा आयत झाला. आता चार खडे घ्यावेत. एक खडा ओळीच्या उजव्या टोकास ठेवावा आणि उरलेले तीन खाली ओळीने मांडावेत. दोन ओळी व तीन स्तंभ यांचा आयत तयार होतो. नव्या खड्यांची पट्टी सुताराच्या काटकोन्यासारखी दोन बाजूंनी जुन्या आयतास बिलगलेली दिसते.

हीच कृती कोणत्याही टप्प्यावर केली तर काय होईल, ते पाहावे. समजा, न ओळी आणि न + १ स्तंभ यांचा आयत झाला आहे. उजवीकडे एक स्तंभ वाढविण्यास न खडे लागतील, खाली एक ओळ वाढविण्यास न + १ खडे लागतील, आणि कोपरा भरण्यास आणखी १ लागेल. एकूण खडे २न + २, म्हणजे न + १ ची दुप्पट. आणि न सम संख्या संपल्यावर पुढची सम संख्या नेमकी हीच असते! खडा उरत नाही व कमीही पडत नाही. नव्या आयताच्या दोन्ही बाजू एकेकाने वाढतात, म्हणून त्यांच्यातील एकाचा फरक कायम राहतो. सारे मर्म येथे आहे. उदाहरणे कितीही तपासली तरी ती संपत नाहीत. येथे मात्र एका आयतापासून पुढच्या आयताकडे जाण्याची वाट सर्व टप्प्यांसाठी एकदाच दाखविली आहे.

विषम संख्यांची अशीच मांडणी १ भोवती केली तर प्रत्येक वेळी चौरसच होतो. सम संख्यांच्या आयताचा आकार मात्र सतत बदलतो: १ × २, २ × ३, ३ × ४. तो चौरसाच्या अधिकाधिक जवळ जातो, पण चौरस कधीच होत नाही. हा भेद ॲरिस्टॉटलनेही नमूद केला आहे.

नियम वापरताना विद्यार्थ्यांची चूक बहुधा एकाच ठिकाणी होते. न म्हणजे शेवटची संख्या नव्हे, तर संख्यांची गणती होय. २ पासून १०० पर्यंत सम संख्या पन्नास आहेत. म्हणून बेरीज ५० × ५१, म्हणजे २५५० येते. १०० × १०१ घेतल्यास उत्तर १०१०० येईल. पण पन्नास संख्यांपैकी एकही शंभराहून मोठी नसताना बेरीज ५००० च्या वर जाणे शक्य नाही, एवढ्यावरून चूक कळते. तसेच बेरीज २ पासून सुरू झालेली असली पाहिजे. ५२ ते १०० एवढ्याच संख्या हव्या असतील, तर २५५० मधून पहिल्या पंचवीस संख्यांची बेरीज, म्हणजे २५ × २६ = ६५०, वजा करावी; उत्तर १९००.

ऑयलरच्या मालेतील नियम कोठे मोडतो, तेही आता उघड होते. ४१ मध्ये पहिल्या चाळीस सम संख्या मिळविणे म्हणजे ४० × ४१ खड्यांच्या आयतास ४१ खड्यांची एक ओळ जोडणे. तसे केले की ४१ ओळी आणि ४१ स्तंभ यांचा पूर्ण चौरस समोर उभा राहतो, आणि ती संख्या मूळ असूच शकत नाही.