कागद कपाटात, माणूस नागपुरात

जुलै महिन्यात आमच्या ऑफिसात एक वाक्य रोज कानावर येतं: ‘सर, अचानक गावाला यावं लागलं, आल्यावर कागद देते.’ सांगलीत करसल्लागाराचं काम करताना मी हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं आहे, की फोन ठेवल्यावर त्या माणसाची फाइल कुठे जाणार ते मला माहीत असतं. ती गठ्ठ्याच्या तळाशी जाते. यात राग वगैरे काही नसतो. ‘आल्यावर’ ही तारीख नव्हे, आणि तारीख नसेल तर आम्ही कामाचा दिवस ठरवू शकत नाही. त्यातून महिन्याचा शेवटचा आठवडा आला की सगळेच एकदम येतात.

जुलै २०२४ मध्ये एका शिक्षिकेचा मात्र वेगळा मेसेज आला. नागपूरला नणंदेला अपघात झाला होता, म्हणून त्या १२ तारखेच्या रात्री मिळेल त्या गाडीने निघाल्या. मी सगळ्यांना १५ जुलैपर्यंत कागद द्यायला सांगितलं होतं. १४ तारखेला त्यांनी लिहिलं:

‘नमस्कार सर. नणंदेच्या अपघातामुळे तातडीने नागपूरला आलेय, १५ तारखेला कागद देणं जमणार नाही. फॉर्म १६ शाळेने ईमेलवर दिलाय, तो आत्ताच पाठवते. बँकेचा व्याजाचा दाखला आणि मेडिक्लेमचं सर्टिफिकेट घरी कपाटात आहे. २४ तारखेपर्यंत परत येईन असं वाटतं. नाहीच आले तर जाऊबाईंकडे किल्ली आहे, त्या फोटो काढून पाठवतील. २४ चालेल का? त्याआधी अजून काही लागणार असेल तर सांगा.’

त्यांनी कारण एका ओळीत सांगून संपवलं, मला ते पुरेसं होतं. खरा उपयोग झाला तो पुढच्या ओळींचा. कुठला कागद हातात आहे, कुठला कपाटात आहे, नवी तारीख कोणती आणि ती चुकली तर किल्ली कोणाकडे, हे सगळं त्यात होतं. मी लगेच ‘२४ चालेल’ असं कळवलं आणि त्यांचं काम त्याच दिवशी सुरू केलं.

कागद हातात नसताना काम सुरू कसं होतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. विवरणपत्राला, म्हणजे आपण ज्याला रिटर्न म्हणतो त्याला, एकही कागद जोडायचा नसतो. त्यात आकडे भरायचे असतात. कागद लागतो तो आकडा खरा आहे याची खात्री करायला, आणि पुढे आयकर खात्याने विचारलंच तर दाखवायला. त्यातले बरेच आकडे आता आयकराच्या पोर्टलवर आधीच असतात. पगारावर कापलेला कर, बँकेने कळवलेलं ठेवींचं व्याज, शेअर आणि म्युच्युअल फंडांचे व्यवहार हे सगळं ‘एआयएस’ नावाच्या वार्षिक माहिती विवरणात दिसतं. बाईंच्या मुदत ठेवींचं व्याज ८०,००० रुपये होतं आणि बँकेने त्यावर ८,००० रुपये कर कापला होता. त्यांनी फोनवरून आकडा बँकेच्या ॲपमध्ये ताडून पाहिला, तो जुळला. गृहकर्जाचं २ लाख रुपये व्याज आणि विमा, भविष्य निर्वाह निधी वगैरेंची दीड लाखाची वजावट शाळेने फॉर्म १६ मध्येच धरली होती. राहिलं फक्त मेडिक्लेमच्या २५,००० रुपये हप्त्याचं सर्टिफिकेट. ते त्यांनी शाळेत दिलं नव्हतं, आणि खासगी हप्त्याची नोंद दिसली नाही तर मी पाहिल्याशिवाय ती वजावट लावत नाही. चार कागदांची काळजी एका कागदावर आली.

या सगळ्यात एक गोष्ट पक्की लक्षात घ्यावी लागते. १५ तारीख माझी होती, ती मी पुढे सरकवू शकत होतो. ३१ जुलै ही सरकारची होती, तिथे माझं काही चालत नव्हतं. काही जण मुदतवाढीच्या आशेवर बसतात. २०२५ मध्ये ती मिळालीही, आधी १५ सप्टेंबरपर्यंत आणि मग आणखी एका दिवसाची. पण २०२४ मध्ये ३१ जुलैनंतर मिळाली नाही, आणि वाट पाहणारे अडकले.

बाईंची तारीख चुकली असती तर पाच हजार रुपये विलंब शुल्क लागलं असतं. थकलेल्या करावर महिन्याला एक टक्का व्याजही लागलं असतं. मोठा फटका वेगळाच होता आणि तो लोकांच्या ध्यानात येत नाही. त्या जुन्या करपद्धतीत होत्या. नोकरदाराला जुनी पद्धत हवी असेल तर रिटर्न मुदतीतच भरावं लागतं. मुदत गेली की नवी पद्धत आपोआप लागू होते आणि गृहकर्ज, विमा, मेडिक्लेम या सगळ्या वजावटी जातात. बाईंचा पगार साडेदहा लाखांच्या आसपास होता. जुन्या पद्धतीत सगळ्या वजावटी धरून त्यांचा कर ५५,६४० रुपये होत होता, नव्या पद्धतीत तो ७५,२७० रुपये झाला असता. कपाटातल्या एका कागदासाठी थांबून साडेएकोणीस हजारांवर पाणी सोडायचं, वर पाच हजार शुल्क. शेअरमध्ये तोटा झालेल्यांचंही असंच होतं. उशिरा रिटर्न भरलं तर तो तोटा पुढच्या वर्षांच्या नफ्यातून वजा करायला मिळत नाही.

२४ तारखेला बाई परत आल्या नाहीत, नणंदेचं ऑपरेशन पुढे गेलं होतं. संध्याकाळी जाऊबाईंनी पाठवलेला फोटो आला. सर्टिफिकेट स्वच्छ दिसत होतं, पण वरचं आर्थिक वर्ष २०२२-२३ होतं. आम्हाला २०२३-२४ चं हवं होतं. फोटोवरून काम करताना ही चूक फार वेळा होते, कारण दरवर्षीचा कागद अगदी सारखा दिसतो. कागद पाठवताना आधी वर्ष आणि हप्ता भरल्याची तारीख वाचून घ्यावी. कंपनीच्या साइटवरून नवं काढायचं, तर पॉलिसी क्रमांकाला जुना मोबाइल नंबर जोडलेला होता.

मग मी ठरवलं की मेडिक्लेम सोडून द्यायचा आणि रिटर्न भरून टाकायचं. तसं केलं तर कर ६०,८४० रुपये होत होता. शाळेने ४४,२०० आणि बँकेने ८,००० कापले होते, म्हणजे ८,६४० रुपये भरायचे राहिले. ते बाईंनी नागपूरहून ऑनलाइन भरले आणि २९ जुलैला रिटर्न अपलोड झालं. ते तीस दिवसांत पडताळावं लागतं, नाहीतर भरूनही उपयोग होत नाही. त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. प्रवासात माझ्या अशिलांना मी एवढंच सांगतो की बाकी काही विसरलं तरी चालेल, तो नंबर जवळ आणि चालू ठेवा. परदेशी गेलेल्यांचं नेमकं इथेच अडतं, कारण इथलं सिमकार्ड ते घरी काढून ठेवून जातात. बाई हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. त्यांनी स्वतः पोर्टलवर ओटीपी टाकला आणि पोच माझ्याकडे पाठवली.

वेळेत भरलेलं रिटर्न त्या वेळच्या नियमाने ३१ डिसेंबरपर्यंत सुधारता येत होतं. मात्र ही सवलत काही लपवून ठेवायची जागा नाही, राहून गेलेली गोष्ट भरून काढायला आहे. व्यापाऱ्यांना तर तिचा फारसा आधार नाही. ज्यांचं ऑडिट असतं त्यांची खरेदी-विक्रीची बिलंच आम्हाला तपासायची असतात, फोटोतल्या एका आकड्यावर भागत नाही. त्यांनी गावाला जायच्या आधीच कुणाच्या तरी हाती फाइल द्यायला हवी.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात बाई योग्य वर्षाचं सर्टिफिकेट घेऊन ऑफिसात आल्या. सुधारित रिटर्नमध्ये २५,००० रुपयांची वजावट धरली, कर ५५,६४० वर आला आणि पुन्हा एक ओटीपी झाला. दिवाळीच्या आधी ५,२०० रुपये त्यांच्या खात्यात जमा झाले.