अंतिम फेरीचे बोलावणे

अंतिम मुलाखतीच्या पत्रात तारीख, वेळ आणि पत्त्यासोबत पॅनेलवर कोण बसणार, त्यांचे हुद्देही असावेत. समोर वित्तप्रमुख आहे की विक्रीप्रमुख, यावर उमेदवाराची तयारी ठरते. खरी गोची होते केस लिहिताना. ‘आमची विक्री कशी वाढवाल?’ हा प्रश्न फारच मोघम. उमेदवार तीस स्लाइड घेऊन येतो, शिवाय कंपनी फुकटात सल्ला उकळते आहे अशी शंका त्याला येते, आणि ती रास्तच. त्यापेक्षा एका काल्पनिक दुकानाचे 6 महिन्यांचे आकडे जोडून ‘विक्री कुठे आणि का घटली, ते 10 मिनिटांत, 5 स्लाइडमध्ये मांडा, नंतर 20 मिनिटे प्रश्न’ असे लिहावे. नोकरी सांभाळून येणाऱ्याला तयारीसाठी मध्ये एखादा शनिवार-रविवार मिळावा. फाइल आधी पाठवायची की पेनड्राइव्हवर आणायची, हे कळवायचे राहिले की पहिली पाच मिनिटे प्रोजेक्टरशी झटापटीत जातात.