अर्जात नसलेले कसब

नोकरीच्या अर्जात एखादे कसब लिहिलेले नसले, म्हणजे ते उमेदवाराच्या अंगी नाही असे ठरत नाही. पुष्कळ माणसे रोजचे काम सांगण्यासारखे नाही असे समजून ते गाळतात. म्हणूनच मुलाखतीस बोलावण्याची यादी करण्यापूर्वी नेमणूक अधिकाऱ्याने दूरध्वनीवर एक प्रश्न विचारणे इष्ट असते. तो कसा विचारावा, एवढेच आज पाहू.

समजा, इंदुरातील एका कापडाच्या पेढीला हिशेबनीस हवा आहे. पुरवठादारांनी भरलेल्या विवरणांवरून महिन्याच्या १४ तारखेस जीएसटीआर-२बी हा तक्ता तयार होतो. तो आपल्या खरेदीवहीशी ताडून पाहणे, हे त्याचे मुख्य काम. जानेवारी २०२२ पासून या तक्त्यात न दिसणाऱ्या बिलावरील कराची वजावट मिळत नाही. तेव्हा येथे चूक झाली की पेढीचे पैसे अडकतात. एका अर्जात सहा वर्षांचा अनुभव आहे, टॅली आहे, बँकेचा ताळमेळ आहे. परंतु या कामाचा उल्लेख नाही.

“तुम्हाला हे येते का?” असे विचारले, तर गरजू माणूस ‘हो’ म्हणणारच, आणि त्या ‘हो’ला वजन नसते. त्याऐवजी म्हणावे, “अर्जात मला हे काम दिसले नाही. आपण ते केले असल्यास, मागच्या वेळी न जुळलेल्या एखाद्या बिलाचे काय केलेत, ते सांगाल का?”

ज्याने काम केले आहे, तो तपशील सांगतो: “एका व्यापाऱ्याने आमचा जीएसटी क्रमांक चुकीचा घातला होता. १८,००० रुपयांची वजावट त्या महिन्यात सोडली, त्याच्याकडून दुरुस्ती करवून घेतली आणि पुढील तक्त्यात बिल दिसल्यावर ती घेतली.” दुसरा म्हणेल, “ते आमचे सीए पाहत; मी बिले पाठवीत असे.” हे उत्तरही प्रामाणिक आहे. अशा माणसाला यादीत घ्यावे की नाही, हे काम पहिल्या दिवसापासूनच हवे की महिनाभरात शिकवता येईल, यावर अवलंबून आहे. ते पेढीच्या मालकाला फोन करण्यापूर्वीच विचारून ठेवावे; नाहीतर ऐकलेल्या उत्तराचे काय करावे, हेच कळत नाही.

आणखी दोन पथ्ये आहेत. उत्तराची तारखेसह टिपणी ठेवावी. पण अर्जात भर घालायची ती उमेदवारानेच, त्याच्या शब्दांत. अधिकाऱ्याने परस्पर ओळ घातली, तर मुलाखतीत त्या ओळीचा जाब मात्र उमेदवाराला द्यावा लागतो. दुसरे असे की, हीच उणीव ज्यांच्या अर्जांत आहे अशा बरोबरीच्या सर्वांना तोच प्रश्न विचारावा. एकाला विचारून दुसऱ्याला वगळणे हा अन्याय होय.

अर्थात दूरध्वनीवरील उत्तर हा पुरावा नव्हे. त्याने यादीत नाव येते, इतकेच. खरी पारख मुलाखतीच्या दिवशी, समोर दहा बिले आणि एक तक्ता ठेवून करावी.